खासगी पत्रातील म्हण : ‘दुरून डोंगर साजरे’च्या योजनेचा विचार

१

‘म्हण’ हा शब्द ‘म्हणणे’ या क्रियापदाशी जोडलेला आहे, आणि म्हणीचे मुख्य लक्षण या संबंधातच सामावलेले आहे. जे आधीच म्हटले गेले आहे, ती म्हण. बोलणारा ती नव्याने रचीत नाही. समाजाच्या साठ्यातून ती उचलतो आणि समोरच्या प्रसंगावर ठेवतो. खासगी पत्राचे लक्षण याच्या उलट असते. ते एका व्यक्तीने एकाच व्यक्तीला लिहिलेले असते, आणि दुसऱ्या कोणासही ते जसेच्या तसे पाठविता येणार नाही, यातच त्याचे मोल असते. सर्वांची असलेली म्हण आणि एकाचेच असलेले पत्र ही दोन एकत्र आली म्हणजे त्यांच्यात एक ओढाताण निर्माण होते. ती कशी निर्माण होते आणि कोणत्या भाषिक उपायांनी सुटते, हे एका परिचित म्हणीच्या आधारे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. टपालाने जाणारे पत्र आणि दूरध्वनीच्या पडद्यावर उमटणारा निरोप यांत या दृष्टीने फारसे अंतर नाही. म्हणून येथे ‘पत्र’ या शब्दात दोहोंचाही समावेश केला आहे.

पत्रात आलेली म्हण उपदेशासारखी किंवा जुनाट वाटते, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. तिचे कारण म्हणून म्हणींच्या वयाकडे बोट दाखविले जाते : जाते, मुसळ, पाटा, बैलगाडी घरांतून गेली आणि त्यांच्यावरच्या म्हणींचीही रया गेली, असे सांगितले जाते. हे निदान वरवरचे आहे. ज्याच्या घरात उखळ कधीच नव्हते असा मनुष्यही ‘उखळात डोके घातले आहे खरे’ असे स्वतःविषयी सहज लिहून जातो आणि वाचणाऱ्याला ते मुळीच खटकत नाही. उलट ‘दुरून डोंगर साजरे’ या म्हणीत कालबाह्य झालेली एकही वस्तू नाही. डोंगर आजही आहेत आणि ते दुरूनच अधिक चांगले दिसतात. तरीसुद्धा ही म्हण पत्रात आली की वाचणारा पुष्कळदा मनातून मागे सरतो. तेव्हा दोष म्हणीतल्या वस्तूंच्या वयाचा नसून, म्हण उच्चारताच लिहिणारा आणि वाचणारा यांना ज्या जागा मिळतात त्या जागांचा आहे, असे येथे दाखवावयाचे आहे.

२

म्हणींच्या अभ्यासाला मराठीत दीर्घ परंपरा आहे. मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती, १८५७) अनेक शब्दांखाली म्हणी नोंदविलेल्या आढळतात. मॅनवेअरिंग यांचा मराठी म्हणींचा इंग्रजी अनुवादासह संग्रह १८९९ मध्ये प्रसिद्ध झाला. दाते आणि कर्वे यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ १९४२ पासून अभ्यासकांच्या हाताशी आहे. या ग्रंथांचे ऋण मोठे आहे. परंतु त्यांची पद्धती संग्राहकाची आहे. संग्राहक म्हण पूर्ण रूपात देतो, तिचा अर्थ सांगतो आणि क्वचित तिच्यामागची गोष्टही सांगतो. ती कोणी कोणाला म्हटली, त्यापूर्वी काय बोलणे झाले होते आणि ती ऐकून ऐकणारा काय म्हणाला, या गोष्टी त्याच्या कक्षेबाहेर राहतात. शालेय अभ्यासक्रमाने हीच पद्धती उचलली. ‘पुढील म्हणींचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ या प्रश्नाला विद्यार्थी जे वाक्य लिहितो त्याला वक्ता नसतो आणि श्रोताही नसतो. त्यात आधी एक लहानसा प्रसंग येतो, नंतर ‘म्हणतात ना’ येते आणि शेवटी अखंड म्हण. इसापनीतीच्या तात्पर्याशी या रचनेचे साम्य उघड आहे. पुढे मोठेपणी हाच मनुष्य बहिणीला किंवा मित्राला लिहू लागला, तरी म्हण येताच त्याची लेखणी नकळत त्या परीक्षेतल्या वाक्याकडे वळते.

म्हणीचा प्रयोग हा संबंधांचा प्रश्न आहे, ही गोष्ट पीटर सायटेल यांनी १९६९ मधील आपल्या निबंधात नेमकेपणाने मांडली. म्हणीच्या प्रत्येक प्रयोगात तीन प्रसंग गुंतलेले असतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे : म्हणीच्या आत चित्रित झालेला प्रसंग, ज्या प्रसंगाला ती लावली जाते तो प्रसंग, आणि बोलणारा व ऐकणारा यांच्यातला प्रत्यक्ष प्रसंग. त्यावरून पुढचा प्रश्न निघतो : म्हणीच्या आतल्या पात्राच्या जागी बोलणारा कोणाला बसवितो? स्वतःला, ऐकणाऱ्याला, की तिऱ्हाइताला? म्हण तीच असली तरी हे उत्तर बदलताच तिचे सामाजिक कार्य बदलते. ही मांडणी इग्बो म्हणींच्या आधारे झालेली असली तरी मराठीला ती उपयोगी पडते. मात्र मराठीत तिला एका महत्त्वाच्या पुरवणीची गरज आहे. ती पुढे येईल.

३

‘दुरून डोंगर साजरे’ या वाक्यात अवघे तीन शब्द आहेत : एक क्रियाविशेषण, एक नाम आणि एक विशेषण. क्रियापद नाही. व्यवहारात पुष्कळदा शेवटी ‘दिसतात’ जोडले जाते, पण म्हणीला त्याची गरज नाही. क्रियापद नसल्यामुळे काळ नाही, आणि काळ नसल्यामुळे हे विधान कोणत्याही एका क्षणाला बांधलेले नाही. ते सदासर्वकाळ खरे असल्याचा आव आणते. तिन्ही शब्दांत फिरून येणारा ‘र’ त्यांना एकत्र बांधतो, आणि त्यामुळे हे वाक्य मोडता येणार नाही असे वाटू लागते. उपदेशाचा पहिला अंश येथेच आहे. कालातीत विधानाशी वाद घालता येत नाही. वाचणाऱ्याने मान तेवढी डोलवायची असते.

या म्हणीची दुसरी विशेषता अधिक महत्त्वाची आहे. डोंगर साजरे कोणाला, हे ती सांगत नाही. पाहणारा वाक्यात नाही, पण तो गृहीत आहे. पाहणाऱ्यावाचून ‘दुरून’ या शब्दाला अर्थच उरत नाही. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ या म्हणीशी तुलना केली म्हणजे हा फरक स्पष्ट होतो. तेथे न नाचता येणारा मनुष्य वाक्यात उभा आहे आणि त्याची लबाडीही उघड आहे. ती म्हण कोणाला उद्देशून लिहिली की आरोप अटळ ठरतो. ‘गाढवाला गुळाची चव काय’ ही तर समोरच्याला म्हणण्याची सोयच नाही. याच्या उलट ‘दुरून डोंगर साजरे’मध्ये एक रिकामी जागा आहे. तीत कोणाला बसवावयाचे, हे लिहिणाऱ्याच्या हाती आहे. म्हणूनच खासगी पत्रासाठी ही म्हण सोयीची आहे, आणि म्हणूनच ती बिघडते तेव्हा तिचा दोष लिहिणाऱ्याकडे जातो.

४

आता एक प्रसंग घेऊ. तो उदाहरणासाठी रचलेला आहे. अमरावतीकडचा एक तरुण नोकरीनिमित्त पुण्याला गेला आहे. त्याची थोरली बहीण काही वर्षांपूर्वी नागपुरात शिक्षिका म्हणून लागली. महिन्याभराने भाऊ तिला लिहितो :

‘ताई, इथे येऊन महिना झाला. कंपनीचं नाव मोठं, पण काम म्हणजे दिवसभर एकाच तक्त्यात आकडे भरायचे. खोलीत तिघं जण राहतो. खिडकी उघडली की समोर शेजारच्या इमारतीची भिंत. जाण्यायेण्यात रोज तीन तास जातात. पुण्याबद्दल काय काय वाटलं होतं!’

शेवटच्या वाक्याने ‘दुरून डोंगर साजरे’ला जणू आमंत्रणच दिले आहे. बहिणीच्या मनात ती म्हण येणे अगदी स्वाभाविक आहे. पहिल्या खर्ड्यात ती लिहिते :

‘तुझा निरोप वाचला. वाईट वाटून घेऊ नकोस. म्हणतात ना, दुरून डोंगर साजरे! आपण नेहमी नीट चौकशी करूनच पाऊल टाकावं. आता धीर धर, सगळं ठीक होईल.’

या मजकुरात प्रेम नाही असे कोणी म्हणणार नाही. पण म्हणीतली रिकामी जागा येथे भावाने भरली आहे. दुरून पाहून फसलेला मनुष्य म्हणजे तो. त्याने आपण होऊन जे कबूल केले होते, तेच आता त्याला बाहेरून ऐकविले जात आहे. ‘म्हणतात ना’ या दोन शब्दांचे कार्यही तपासण्यासारखे आहे. ‘म्हणतात’चा कर्ता अनाम अनेकवचनी आहे. त्यामुळे एकीकडे बहिणीची जबाबदारी कमी होते, कारण हे तिचे मत नव्हे, लोकांचे आहे. आणि दुसरीकडे विधानाचे वजन वाढते, कारण ते लोकांचे आहे. ‘ना’ लगोलग संमती मागतो. एकट्या पडलेल्या भावापुढे बहिणीच्या ऐवजी सगळा समाज येऊन उभा राहिला, असा या शब्दांचा एकत्रित परिणाम होतो.

सायटेल यांच्या मांडणीला लागणारी पुरवणी पुढच्या वाक्यातल्या ‘आपण’मध्ये आहे. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत : ऐकणाऱ्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारे ‘आपण’. वरवर पाहता ‘आपण’ हा तोल साधण्याचा उत्तम मार्ग वाटतो, कारण त्यात लिहिणाराही म्हणीखाली येतो. परंतु उपदेशाच्या वाक्यात ‘आपण’ वेगळेच काम करते. ‘आपण खोटे बोलू नये’ असे शिक्षक वर्गात सांगतात तेव्हा ‘आपण’चा रोख मुलांकडे असतो, शिक्षकांकडे नसतो. विध्यर्थी क्रियापदाशी जोडलेले ‘आपण’ हे वेष बदललेले ‘तू’ असते, आणि वाचणारा तो वेष लगेच ओळखतो. म्हणून ‘तू’च्या जागी ‘आपण’ घातल्याने म्हण सौम्य होते हा समज टिकत नाही. विध्यर्थी क्रियापद गेले तरच ‘आपण’ खरोखर दोघांचे होते. ‘आपण दोघंही फसलो की रे’ या वाक्यातले ‘आपण’ तसे आहे.

दुसऱ्या खर्ड्यात बहीण म्हणीतली जागा स्वतः घेते :

‘तीन तास म्हणजे फार झाले रे. मी नागपुरात आले तेव्हा माझेही डोंगर दुरूनच साजरे होते. शहरातली शाळा म्हणून आले आणि पहिले चार महिने जिन्याखालच्या खोलीत काढले. आईला मात्र खोली ऐसपैस आहे असं सांगितलं होतं.’

येथे म्हणीच्या व्याकरणात तीन बदल झाले आहेत. ‘माझे’ आल्यामुळे डोंगर सर्वांचे राहिले नाहीत. ते एका व्यक्तीचे झाले. ‘होते’ आल्यामुळे कालातीत विधानाला भूतकाळ मिळाला आणि ते सिद्धान्ताऐवजी हकीकत बनले. ‘दुरून’ला ‘च’ लागला. या ‘च’कडे विशेष लक्ष दिले पाहिजे. मूळ म्हण, डोंगर दुरून साजरे दिसतात, एवढेच उघडपणे म्हणते. जवळून ते तसे नसतात ही गोष्ट ती वाचणाऱ्यावर सोडते. ‘दुरूनच’ म्हटले की ती सोडलेली गोष्ट उघड बोलली जाते. म्हणून हाच ‘च’ दुसऱ्याच्या डोंगरांना लावला तर टोचतो, आणि स्वतःच्या डोंगरांना लावला तर हसू आणतो. याशिवाय ‘म्हणतात ना’ गळाले आहे. तिच्यामागून जिन्याखालची खोली आणि आईला सांगितलेली थाप आली. परिच्छेदाचा शेवट म्हणीने न होता एका गुपिताने झाला, आणि गुपित हे तात्पर्याहून अधिक खासगी असते.

दुसरा खर्डा पुष्कळ चांगला असला तरी त्यात एक उणीव उरते. बहीण आपली हकीकत सांगते आणि म्हण तिच्याच प्रसंगात मिटून जाते. भाऊ ती वाचून हसेल, पण पुढे काय बोलावे हे त्याला सुचेलच असे नाही. शिवाय, मीही यातून गेले आहे, या कथनात ‘तूही जाशील’ हा हलकासा दाब असतोच. तिसऱ्या खर्ड्यात म्हण दोघांच्याही हातून सुटून बाहेरच्या जगात जाते :

‘तीन तास म्हणजे फार झाले रे. कंपनीच्या जवळ खोली मिळते का ते बघ. भाडं जास्त पडलं तर सांग. मी नागपुरात आले तेव्हा पहिले चार महिने जिन्याखालच्या खोलीत काढले. आईला मात्र खोली ऐसपैस आहे असं सांगितलं होतं. एखाद्या रविवारी सिंहगडावर जाऊन ये. दुरून साजरा दिसतोच. जवळून कसा आहे ते कळव. वर मडक्यातलं दही मिळतं म्हणे.’

आता म्हण पूर्ण उच्चारलेली नाही. ‘डोंगर’ हा तिचा मधला शब्द गेला आणि त्या जागी पुण्याच्या नैर्ऋत्येचा खराखुरा गड आला. पुण्यात नव्याने आलेल्या माणसाला सिंहगडाची आकृती आधी दुरूनच दिसते, आणि पायथ्यापासून वाट चढू लागल्यावर तिचे रूप पालटते. त्यामुळे हे वाक्य दोन प्रकारे वाचता येते. ज्याला म्हण ठाऊक आहे त्याला ते पुण्याविषयी आणि नोकरीविषयी बोलते. ज्याला ठाऊक नाही त्याला ते एका गडाविषयी बोलते, आणि दोन्ही वाचनांत ते पूर्ण आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे म्हणीचा उत्तरार्ध, जवळून कसे दिसते तो, बहिणीने भरलेला नाही. ती भावालाच विचारते. म्हणीने जे उत्तर म्हणून दिले असते, ते येथे प्रश्न झाले आहे.

या खर्ड्यातला क्रमही सोडून चालणार नाही. म्हणीची छाया येण्यापूर्वी बहिणीने तीन तासांचा, खोलीचा आणि भाड्याचा विचार केला आहे. हे न करता ती थेट सिंहगडावर गेली असती, तर भावाला आपले दुःख हसण्यावारी नेल्यासारखे वाटले असते. म्हणीला पत्रात जागा मिळते ती कामाचे बोलणे झाल्यानंतर. कामाच्या बोलण्याऐवजी आलेली म्हण कितीही हुशारीने गुंफली तरी पळवाटच वाटते.

५

म्हण तोडून वापरावयाची असेल तर ती कोठवर तोडता येते, हा पुढचा प्रश्न आहे. म्हण ओळखू येण्यासाठी तिचे सगळे शब्द लागत नाहीत, पण कोणतेही शब्द चालत नाहीत. ‘डोंगर’ एकटा पुरेसा नाही, कारण मराठीत डोंगर अनेक ठिकाणी आहेत : दुःखाचा डोंगर कोसळतो, कर्जाचा डोंगर वाढतो, आणि डोंगर पोखरून उंदीरही निघतो. ‘साजरे’ एकटे घेतले तर आजच्या वाचकाला सण साजरे केल्याची आठवण होते. ‘दुरून’ हा तर रोजचाच शब्द आहे. परंतु यांपैकी कोणतेही दोन एकत्र आले की तिसरा मनात आपोआप उभा राहतो. ‘दुरून’ आणि ‘डोंगर’ यांनी म्हण जागी होते, तशीच ‘दुरून’ आणि ‘साजरा’ यांनीही होते. या म्हणीपुरती मर्यादा अशी सांगता येईल : एक शब्द गाळता येतो, दोन गाळता येत नाहीत.

जुनाटपणाचा प्रश्न याच ठिकाणी सुटतो. या म्हणीत जुना म्हणावा असा एकच शब्द आहे, ‘साजरे’. ‘सुंदर, शोभिवंत’ हा त्याचा अर्थ प्रमाण मराठीत आता जवळजवळ या म्हणीपुरता आणि ‘साजिरा’सारख्या काव्यरूपांपुरता उरला आहे, एरव्ही ‘साजरा करणे’ या क्रियापदानेच त्याला जिवंत ठेवले आहे. म्हण आधुनिक करण्यासाठी पुष्कळ जण हा शब्द बदलतात आणि ‘दुरून डोंगर छान’ असे काहीतरी लिहितात. हा उपाय फसतो. शब्द बदलला की वाचणारा मूळ शब्द मनात म्हणून पाहतो आणि लिहिणाऱ्याची चूक दुरुस्त करतो. म्हणजे जुना शब्द गेला नाहीच, उलट त्याच्याकडे लक्ष मात्र वेधले गेले. शब्द गाळला तर तसे होत नाही. ‘पुण्याचा डोंगर दुरून बरा होता तर!’ या वाक्यात ‘साजरे’ची जागा ‘बरा’ने घेतलेली दिसते खरी, पण येथे कर्ता, वचन, काळ हे सारेच बदलल्यामुळे म्हण चुकली असे वाटत नाही, एक नवे वाक्य म्हणीच्या अंगाने गेले असे वाटते. अखंड राखलेल्या साच्यातला एकच शब्द बदलणे सर्वांत वाईट; साचा मोडणे त्याहून बरे.

शिवाय शब्दाचे जुनेपण सर्वत्र सारखे नसते. वऱ्हाडात ‘साजरा’ हा शब्द ‘चांगला, छान’ या अर्थाने बोलण्यात आहे. अमरावतीकडच्या या भावंडांना तो आजीच्या तोंडचा, म्हणजे घरचा शब्द आहे. पुण्यातल्या वाचकाला जो शब्द पोथीतला वाटेल तो त्यांना स्वयंपाकघरातला वाटतो. तिसऱ्या खर्ड्यातल्या ‘साजरा’त म्हणूनच म्हणीबरोबर गावही आहे. अमुक म्हण जुनाट आहे किंवा नाही, याचा निर्णय कोश पाहून करता येत नाही. ती कोणत्या दोन माणसांमध्ये जाणार आहे हे पाहूनच तो करावा लागतो.

जुनाटपणाची आणखी एक बाजू निरोपाच्या आजच्या माध्यमातून आली आहे. व्हॉट्सॲपवर रोज सकाळी फिरणाऱ्या सुविचारांमुळे स्वतंत्र ओळीत एकटे उभे असलेले, टोकाला उद्गारचिन्ह असलेले पूर्ण वाक्य हे कोणाचेही नसलेले वाक्य म्हणून ओळखले जाऊ लागले आहे. म्हण अशा ओळीत ठेवली की ती कोठूनतरी आलेली आणि पुढे ढकललेली वाटते, मग लिहिणाऱ्याने ती स्वतः टंकलिखित केलेली का असेना. कागदी पत्रात अवतरणचिन्हे जो दुरावा निर्माण करीत, तोच येथे ओळीच्या मोकळ्या जागेने निर्माण होतो. म्हण दुसऱ्या वाक्याच्या पोटात शिरली, तिला चालू वाक्याचे विभक्तिप्रत्यय आणि क्रियापद मिळाले, म्हणजे तो दुरावा राहत नाही.

६

योजना साधली की फसली, हे लिहिणाऱ्याला कळते ते उत्तरावरून. पहिल्या खर्ड्याला ‘हो ताई, बरोबर आहे तुझं’ असे उत्तर येण्याचा संभव अधिक. हे उत्तर दिसायला संमतीचे आहे, पण त्याने संवाद मिटतो. भावाने म्हणीला उत्तर दिले; खोलीविषयी, कामाविषयी तो पुन्हा काही लिहीत नाही, आणि पुढच्या महिन्यात सगळे ठीक असल्याचे कळवितो. बहिणीने आईला खोली ऐसपैस असल्याचे सांगितले होते, तसेच. उपदेशाची खरी हानी ही आहे. त्याने मनुष्य रागावतो असे नाही. तो पुढच्या वेळी खरे सांगत नाही. तिसऱ्या खर्ड्याला मात्र असे उत्तर येऊ शकते : ‘चढ फार आहे. दही साजरं होतं.’ भावाने म्हणीतला शब्द उचलला, त्याला आपल्या अनुभवात बसविले आणि घरच्या बोलीत परत पाठविला. म्हण आता दोघांची झाली. वाचणाऱ्याने प्रतिमा पुढे नेली तर योजना साधली, आणि नुसती मान डोलावली तर ती फसली, असे सामान्यतः म्हणता येईल.

या पद्धतीला मर्यादा आहेत. पहिली वाचणाऱ्याच्या ज्ञानाची. मराठी घरात बोलली जाते पण शिक्षण दुसऱ्या भाषेत झाले, अशा वाचणाऱ्याला अर्धी म्हण ओळखता येईलच असे नाही. तेथे अर्धी म्हण लिहून शेवटी टिंबे देणे, म्हणजे ‘दुरून डोंगर...’ असे लिहिणे, त्याची परीक्षा घेण्यासारखे होते. यावरची कसोटी सोपी आहे : म्हण ठाऊक नसलेल्याला ते वाक्य स्वतंत्रपणे समजते काय? सिंहगडाचे वाक्य या कसोटीला उतरते. टिंबांचे उतरत नाही.

दुसरी मर्यादा प्रसंगाची आहे. ‘दुरून डोंगर साजरे’ ही भ्रमनिरासाची म्हण आहे. ती सोसता येण्याजोग्या निराशेला शोभते. जिथे नुकसान भरून येण्यासारखे नसते तिथे, मृत्यूच्या किंवा मोडलेल्या संसाराच्या प्रसंगी, म्हणीची कोणतीही गुंफण उपयोगी पडत नाही. कारण म्हण कितीही खासगी केली तरी, असे पूर्वीही अनेकांचे झाले आहे, हा तिचा मूळ आशय जात नाही. निराश माणसाला या आशयाचा आधार वाटू शकतो. शोकात असलेल्याला त्यात आपले दुःख गर्दीत हरवल्यासारखे वाटते.

तिसरी मर्यादा नात्याची आहे. वरच्या उदाहरणात लिहिणारी थोरली आहे. मराठी घरात म्हण प्रायः वरून खाली येते. आजी नातवाला म्हणते, नातू आजीला म्हणत नाही. धाकट्या भावाने ताईला हीच म्हण लिहावयाची असेल तर दुसरा खर्डा त्याला साधेल, कारण स्वतःवर हसण्याची मुभा धाकट्यालाही असते. पहिला खर्डा त्याच्या हातून उपदेशाऐवजी आगाऊपणा ठरेल. सांगणाऱ्याचे वय बदलताच एकाच वाक्याचा दोष बदलतो, यावरूनही हा दोष वाक्यात नसून जागांत आहे, हे दिसून येते.

संग्रहातल्या म्हणीला अर्थ असतो. पत्रातल्या म्हणीला त्याखेरीज एक पत्ता लागतो. तो पत्ता सर्वनामांत, काळात, ‘च’सारख्या अव्ययात आणि गाळलेल्या शब्दात लिहिलेला असतो. म्हणींचे मराठीतील पुढचे अभ्यास पूर्ण रूपांच्या याद्यांकडून या मोडलेल्या, वाकविलेल्या रूपांकडे वळले, तर म्हणी नाहीशा होत आहेत या नेहमीच्या विधानाचीही फेरतपासणी करता येईल. कदाचित त्या नाहीशा होत नसतील; ‘दही साजरं होतं’ अशा वाक्यांत त्या राहत असतील, आणि पूर्ण रूप शोधणाऱ्याला तेथे त्या दिसत नसतील.